सरासरीत नसलेला बटाटा

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला एक प्रयोग असतो. एका पोत्यातल्या बटाट्यांचे दोन वाटे करायचे. एक टोपलीत ठेवायचा, दुसरा फ्रीजमध्ये. तीन आठवड्यांनी दोन्हींवर परासरणाचा प्रयोग करून आलेख काढायचे आणि ते वेगळे का आले ते लिहायचं. मुलं त्याला ‘सरांचा बटाटा’ म्हणतात. सर म्हणजे मी. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी पनवेलच्या बाजारात कुणी मधल्या वयाचा माणूस वाकून नमस्कार करतो आणि सोबतच्या बायकोला सांगतो, “अगं, ते बटाटावाले सर.” मी हसतो. इतकी वर्षं हसत आलो.

तो प्रयोग माझा नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिच्या जर्नलमध्ये त्याच प्रयोगाच्या पानावर एक खोटा आकडा आहे आणि तो मात्र माझा आहे. हे दोन्ही लिहून ठेवायला हवं.

आमची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. मागच्या खिडक्यांतून खाडीकडचा खारा वारा यायचा, पुढच्या खिडक्या हमरस्त्याकडे. न्हावा शेव्याचं बंदर नुकतंच सुरू झालं होतं आणि कंटेनर घेऊन जाणारे ट्रेलर दिवसभर त्या रस्त्याने जात. ट्रेलर गेला की टेबलं थरथरत आणि तराजूचा काटा नाचायला लागे. आमच्याकडे दोन पारड्यांचा, काचेच्या पेटीतला तराजू होता. वजन करताना एक मुलगा खिडकीशी उभा राहून रस्ता बघायचा. “सर, आता मोकळा आहे,” असं तो म्हणाला की आम्ही श्वास धरून वजन घ्यायचो.

परासरणाचा प्रयोग तसा साधा. बटाट्यात कॉर्क बोअरर, म्हणजे धारदार पोकळ नळी, घुसवून सारख्या जाडीच्या कांड्या काढायच्या, साल राहू द्यायची नाही, सारख्या लांबीच्या कापायच्या. टिपकागदावर हलकेच टिपून वजन करायचं. मग साखरेच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत सोडायच्या: शुद्ध पाणी, ०.१ मोलर, ०.२, असं करत ०.६ पर्यंत. दोन-तीन तासांनी बाहेर काढून पुन्हा तशाच टिपून पुन्हा वजन. पाण्यातली कांडी फुगून ताठ होते, बोटांत धरली तर कट्टकन मोडेल अशी. तीव्र द्रावणातली लुळी पडते, शिजल्यासारखी वाकते.

नुसता वजनातला फरक लिहून चालत नाही. कितीही जपून कापल्या तरी दोन कांड्या सारख्या वजनाच्या नसतात. म्हणून फरकाला सुरुवातीच्या वजनाने भागून शंभराने गुणायचं. ४.२० ग्रॅमची कांडी ४.६६ झाली, तर वाढ अकरा टक्के. असे टक्के काढले की लहानमोठ्या कांड्या एका पंगतीत बसतात. मग आलेख: आडव्या अक्षावर तीव्रता, उभ्या अक्षावर टक्के, वर अधिक, खाली उणे. बिंदूंमधून रेघ ओढायची. ती रेघ जिथे शून्य ओलांडते, ती समपरासारी तीव्रता. त्या द्रावणात बटाटा फुगतही नाही, सुकतही नाही. 

मुलांना मी एक गोष्ट दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी माझ्याच अंगावर काटा यायचा. म्हणायचो, “त्या बिंदूपाशी पाणी थांबलेलं नसतं हं. जातही असतं आणि येतही असतं. जितकं जातं तितकंच येतं, म्हणून तुम्हाला काही झालं नाही असं वाटतं.”

हे सांगणारा मी दुसरीकडे काय करत होतो तेही सांगतो. आमच्याकडे त्या तीव्रतेचा एक ‘डिपार्टमेंटचा’ आकडा ठरलेला होता. ०.३ च्या आसपास. वरच्या वर्गाची जर्नलं खालच्या वर्गाकडे जात, आणि कुणाचं काही वेगळं आलं तरी पक्क्या जर्नलमध्ये ०.३ किंवा ०.३१ किंवा ०.३२ असंच यायचं. मला ते ठाऊक होतं. एकोणीस-वीस वर्षांची मुलं वजनं आधी ठरवून मग टक्के काढतात हे दहा जर्नलं एका रांगेत तपासली की कळतं. सबमिशन वेळेवर व्हावं म्हणून मी सह्या करत होतो.

ती मुलगी पनवेलच्या जुन्या वस्तीतली, बेने इस्राएल ज्यू कुटुंबातली. वडील एका कंपनीत हिशेबनीस, थोरली बहीण लग्न होऊन इस्राएलला गेलेली. बाकीचं घरही धाकटीची पदवी झाली की निघणार होतं, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. तिकडे पुढे शिकायचं तर स्वतः केलेल्या प्रयोगांची वही दाखवावी लागेल, असं बहिणीने कळवलं होतं. म्हणून ती आपलं जर्नल फार जपायची. इतरांना सही हवी असायची. हिला प्रत्येक पान खरं हवं असायचं, कारण ते पान तिच्याबरोबर जायचं होतं. 

तिची जोडीदारीण खाडीपलीकडच्या आगरी गावातली, तोंडाळ आणि हुशार. दोघी एकाच टेबलावर काम करत.

मी दोनदा प्रयोग करायला लावायचो. “एकदा आलेलं रीडिंग हे रीडिंग नव्हे,” हे माझं वाक्य. “आणि दुसऱ्या वेळी बटाटे त्याच वाट्यातले हवेत. नाहीतर एकदा बटाटा, एकदा रताळं.” मुलं हसायची. 

त्या वर्षी दोघींचा पहिला प्रयोग दिवाळीच्या सुट्टीआधी झाला. ०.२ मध्ये वजन २.८ टक्के वाढलं, ०.३ मध्ये १.२ टक्के घटलं, रेघेने शून्य ओलांडलं ०.२७ ला. चांगलं रीडिंग. मग सुट्टी लागली.

सुट्टीनंतर दुसरा प्रयोग झाला आणि ती कच्चा आलेख घेऊन माझ्या टेबलापाशी आली. 

“सर, ०.३७ आलंय.”

मी कागद बघितला. ०.३ मध्येसुद्धा वजन वाढलेलं, २.१ टक्के. ०.४ मध्ये ०.९ टक्के घट. बिंदू सगळे एका रेघेत, एकही इकडेतिकडे नाही. पहिला आलेख कुणीतरी उचलून जसाच्या तसा उजवीकडे सरकवावा तसा. 

“ट्रेलर गेला असेल,” मी म्हटलं.

“सर, सातही बीकरांना?” जोडीदारीण मागून म्हणाली. “सगल्या कांड्यांना बरोबर मोजून धक्का देनारा ट्रेलर हाय का?”

“तू गप्प बस. द्रावणं नीट केली होतीत?”

“तुम्हीच केलेली आहेत, सर,” ती मुलगी खाली बघत म्हणाली. “बाकीच्यांनीही तीच वापरली. त्यांचं ०.३ आलंय.”

“त्यांचं नेहमीच येतं,” जोडीदारीण पुटपुटली.

“बटाटे कुठले?”

“तेच. तुम्ही सांगितलं होतं ना, त्याच वाट्यातले.”

“आमचे नाय राहिले, सर,” जोडीदारीण म्हणाली. “आमच्याकडच्यांना हे येवढे कोंब आले. आय बोल्ली, अभ्यास करतेस का शेती? म्हनून सगले हिच्याकडचेच वापरले.”

“मग तुझ्याकडच्यांना कोंब कसे नाही आले?” 

“फ्रीजमध्ये ठेवले होते,” ती म्हणाली. “सुट्टीभर. खालच्या कप्प्यात. आई रोज ओरडायची, फ्रीज माझा आहे की तुझ्या कॉलेजचा. पण बाहेर ठेवले असते तर खराब झाले असते, मग ‘तेच बटाटे’ राहिले नसते.” 

माझी सूचना इतकी मनावर घेणारा विद्यार्थी मला त्याआधी मिळाला नव्हता. ती तंतोतंत पाळायला म्हणून तिने बटाटे जपले आणि जपण्यातच ते बदलले. हे आज लिहिताना सरळ दिसतं. तेव्हा मी एवढंच म्हणालो, “गार बटाट्यावर केलंस म्हणून असेल.”

“नाही सर. आदल्या दिवशीच बाहेर काढून ठेवले होते. आणि काल मी बाजारातून नवे आणून परत केलं. त्यांचं ०.२८ आलं.” तिने आणखी एक कागद पुढे केला. मग सांगावं की नाही अशा आवाजात म्हणाली, “सर, शुक्रवारी आईने त्यातल्याच दोन बटाट्यांच्या काचऱ्या केल्या. त्या तळताना लगेच लाल झाल्या. आणि गोड लागल्या. बाबांनी विचारलं, साखर घातलीस का.” 

मी हसलो. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, “जर्नलमध्ये काचऱ्यांबद्दल लिहायचं नसतं.”

वर्ग हसला. ती हसली नाही. रागावलीही नाही. तिने तो कागद हळूच घडी करून परत घेतला.

“दोन रीडिंगं आहेत ना?” मी म्हटलं. “०.२७ आणि ०.३७. सरासरी घे. ०.३२. छान येतंय की.”

“सर, सरासरी कशाची घेऊ?”

“म्हणजे काय? दोन्हींची.”

“०.३२ चा बटाटा यात कुठलाच नाही, सर. एक ०.२७ चा आहे, एक ०.३७ चा. मधला कुणी नाहीच.”

इतकं स्वच्छ वाक्य माझ्या वर्गात कुणी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. एकाच गोष्टीची दोन मापं घेतली तर त्यांची सरासरी काढण्यात अर्थ असतो. दोन वेगळ्या गोष्टींची मापं मिसळली तर जे उरतं ते कशाचंच माप नसतं. मी ते पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. ते समोर टेबलाशी येऊन उभं राहिलं तेव्हा मी ओळखलं नाही. किंवा ओळखलं आणि मला घाई होती. सबमिशनची यादी विभागप्रमुखांकडे द्यायची होती. 

“शनिवारपर्यंत पान पूर्ण कर,” मी म्हणालो. “सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. मग इथेही नाही आणि तिथेही नाही.”

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. 

शनिवारी तिने पक्कं जर्नल आणलं. सुवाच्य अक्षर, दोन्ही तक्ते, दोन्ही रेघा एकाच आलेखावर, एक निळ्या शाईत, एक काळ्या. खाली निष्कर्ष: समपरासारी तीव्रता, दोन प्रयोगांची सरासरी, ०.३२ मोलर. मी लाल पेनाने सही केली, तारीख घातली. तिने शाई वाळू दिली, जर्नल मिटलं, पिशवीत ठेवलं. वर्ग केव्हाच पांगला होता, जोडीदारीण तेवढी दाराशी थांबली होती.

“सर, सही झाली,” ती म्हणाली. “आता एक मागू?”

“काय?”

“बेनेडिक्ट देता का थोडं?”

बेनेडिक्टचं द्रावण म्हणजे ग्लुकोजसारखी साखर ओळखायचं निळं द्रावण. मधुमेहासाठी लघवी तपासायला तेव्हा दवाखान्यांतही वापरत. साखर असेल तर गरम केल्यावर रंग बदलतो: थोडी असेल तर हिरवट, जास्त असेल तर पिवळा, नारिंगी, आणि पुष्कळ असेल तर विटेसारखा लाल गाळ. मला घरी जायचं होतं. तरी मी कपाटाची किल्ली काढली. का काढली ते सांगता येत नाही. सही वादाशिवाय होऊ दिली म्हणून असेल. 

तिने तयारी करूनच आणली होती. फ्रीजमधला एक बटाटा आणि बाजारातला एक. दोन्ही न भिजवलेले. “भिजवलेल्या कांड्या नको,” ती जोडीदारणीला समजावत होती, “त्यांना बाहेरची साखर लागलेली असते.” दोन्ही बटाट्यांचा सारख्या वजनाचा तुकडा घेऊन वेगवेगळ्या खलात कुटला, सारखं पाणी घातलं, गाळून घेतलं. तीन परीक्षानळ्या. डावीत नुसतं पाणी, मधलीत बाजारचा बटाटा, उजवीत फ्रीजचा. तिन्हींत सारखं बेनेडिक्ट. तिन्ही निळ्या. तिने त्यांना काही खूण केली नव्हती, फक्त डावी-मधली-उजवी असं मला सांगितलं. मग तिन्ही एकदम उकळत्या पाण्याच्या बीकरमध्ये सोडल्या.

आम्ही तिघं वाकून बघत होतो. खाडीवर ओहोटी असावी, चिखलाचा वास येत होता. जोडीदारीण म्हणाली, “चहा ठेवल्यासारखे काय बगताव आपन.”

आधी उजवी हलली. निळ्यात हिरवं आलं, कच्च्या कैरीच्या सालीसारखं, मग ते पिवळं होत गेलं, खालून वर गढूळ नारिंगी चढत गेली आणि बघता बघता नळी वीटभट्टीतून काढल्यासारखी लाल झाली. मधली जेमतेम हिरवट. डावी निळी ती निळीच. 

मी आयुष्यात ही चाचणी किती वेळा केली असेल, मोजदाद नाही. लाल रंग मला नवा नव्हता. पण तोवर मी साखर घालून लाल बघितला होता. ही साखर कुणी घातलेली नव्हती. एका स्वयंपाकघरात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, दिवाळीभर अंधारात तो बटाटा स्वतःला आतून मोडत बसला होता. जमवलेला स्टार्च फोडून साखर करत होता. थंडीत तो हेच करतो, हे मी नंतर मुंबईला ग्रंथालयात जाऊन वाचलं. त्या क्षणी मला फक्त तो लाल रंग दिसत होता.

तिला मात्र सगळं एका रांगेत दिसलं होतं. ती सावकाश म्हणाली, “सर, स्टार्च होता तोवर तो नुसता पडून होता ना? दाणे. पाण्यात न विरघळणारे. पाण्याला त्यांचं काही वाटत नाही. पण तेच मोडून साखर झाली की एका दाण्याचे किती कण होतील? वजन तेवढंच. बटाटा तेवढाच. आणि पाणी ओढायची ताकद वाढली. म्हणून तर त्याला तोलायला जास्त तीव्र द्रावण लागलं. रेघ सरकली ती म्हणून.”

“म्हंजे त्याच्या पोटात काय बदललं,” जोडीदारीण म्हणाली, “ते आपल्याला वजनावरनं कललं?” 

“हो.”

“न उघडता?”

“हो.”

“आयला,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून जीभ चावली. 

मीही मनात तेच म्हणत होतो. माझ्या हाताखाली दोन पारड्यांचा जुना तराजू, ट्रेलर गेला की नाचणारा. त्याच्यावर आणि टिपकागदावर आणि एका सरळ रेघेवर एका पोरीने पेशींच्या आत घडलेली गोष्ट पकडली होती, तिथे काय आहे हे माहीत नसताना. आणि रेघेने सांगितलेलं तिने काचऱ्यांशी ताडून बघितलं होतं, मी हसलो त्या काचऱ्यांशी. मी पंधरा वर्षं तो प्रयोग शिकवत होतो. आकडा ठरवून ठेवल्यामुळे तो आकडा काय बोलू शकतो हे मी कधी ऐकलंच नव्हतं. देवळात जाऊन रोज घंटा वाजवावी आणि आत कधी डोकावू नये, तसं.

तिने नळ्या धुतल्या नाहीत. स्टँडमध्ये ठेवून बघत बसली. मग म्हणाली, “सर, ते पान बदलू द्याल? सरासरी काढून टाकते. दोन आकडे वेगळे लिहिते आणि हे खाली जोडते.”

मला ‘हो’ म्हणता आलं असतं. पानांना क्रमांक होते, अनुक्रमणिकेवर माझी सही झाली होती, एक पान फाडलं तर विभागप्रमुख विचारणार. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही अडणारं नव्हतं. पान फाडायचीही गरज नव्हती. खाली एक ओळ लिहून मी पुन्हा सही केली असती तर झालं असतं. पण मग सरासरी घ्यायला मी लावली होती, हेही त्या ओळीत यायला हवं होतं.

“राहू दे,” मी म्हणालो. “आता सही झालीय.”

तिने नळ्या धुवायला घेतल्या. 

परीक्षेला मुंबईच्या एका कॉलेजातले परीक्षक आले. काटेकोर गृहस्थ होते. तोंडी परीक्षेत ते जर्नल कुठूनही उघडत आणि जे पान निघेल त्यावर विचारत. मी अंतर्गत परीक्षक म्हणून शेजारच्या खुर्चीवर. तिचं जर्नल त्यांनी उघडलं आणि नेमकं तेच पान निघालं. कदाचित दोन शाईच्या रेघा दिसल्या म्हणून थांबले असतील.

“हे काय? ०.२७ आणि ०.३७. एवढा फरक, आणि तुम्ही सरासरी घेतली?”

“हो सर.”

“दोन्ही रेघा इतक्या स्वच्छ आहेत. काहीतरी वेगळं होतं हे दिसत नाही का? सरासरी कशी घेतलीत?”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. 

“घ्यायला नको होती, सर,” ती म्हणाली. “चूक झाली.”

आणि मग तिने सगळं सांगितलं. फ्रीज, नवे बटाटे, ०.२८, बेनेडिक्ट, दाणे आणि कण. काचऱ्या मात्र तिने सांगितल्या नाहीत. मीच शिकवलं होतं ना. परीक्षकांनी चष्मा काढला. दोन-तीन प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “वा, सर! छान आहे हो हे. तुम्ही करून घेतलंत?”

मी म्हणालो, “हो, करून घेतलं.”

बेनेडिक्टची बाटली मी दिली होती, एवढ्यापुरतं ते खरं होतं. परीक्षकांनी मला शाबासकी दिली आणि जर्नलचे गुण चुकीच्या निष्कर्षाबद्दल कापले. नियमाने बरोबरच होतं. माझी चूक तिच्या नावावर गेली आणि तिचं काम माझ्या. दोन वाक्यांत झालं ते. ती खुर्चीवरून उठली, दोघांनाही “थँक यू, सर” म्हणाली.

पुढच्या वर्षी मी तो प्रयोग अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत घातला. तो चांगलाच होता, घालायलाच हवा होता. पुढे इतर कॉलेजांनीही उचलला. कुणी विचारलं तर मी “आमच्याकडे सुरू केला” असं म्हणायचो. परीक्षा झाली त्याच वर्षी तिचं कुटुंब निघून गेलं. ते जर्नल तिच्याबरोबर गेलं असणार, ०.३२ आणि माझ्या लाल सहीसकट. तिकडे कुणी ते पान उघडलं का, विचारलं का, तिने काय सांगितलं, मला माहीत नाही. 

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी परीक्षा आटोपून मी जिना उतरत होतो. ती आणि जोडीदारीण खाली कट्ट्यावर बसल्या होत्या. मला वाटलं, आता ती गुणांबद्दल काही म्हणेल. मी उत्तरही तयार केलं होतं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, एक विचारायचं होतं. तो फ्रीजमधला बटाटा परत उबेत ठेवला, तर साखर परत जाईल का?”

“परीक्षा संपली बाई तुझी,” जोडीदारीण म्हणाली. “सोड ना त्याला आता.”

“बघू,” मी म्हणालो आणि स्कूटरकडे गेलो. बघितलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी ते बघितलं. घरात मसाल्यांसाठी एक छोटा काटा आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. साखर वाण्याकडचीच, लिटरला चौतीस ग्रॅमला जराशी जास्त म्हणजे ०.१ मोलर. कॉर्क बोअररऐवजी सुरी आणि पट्टी. वयामुळे हात स्थिर राहत नाहीत, त्यामुळे कांड्या काही सुबक झाल्या नाहीत, पण टक्के काढले की तेवढं चालतं. एका पोत्यातले बटाटे तीन वाट्यांत घेतले. जे टोपलीतच होते त्यांनी शून्य ओलांडलं ०.२७ ला. जे तीन आठवडे फ्रीजमध्ये होते त्यांनी ०.३६ ला. तिसरा वाटा फ्रीजमधून काढून पुन्हा तीन आठवडे फडताळात, उबदार अंधारात ठेवला. सुनेने विचारलं, “बाबा, हे कुणासाठी?” मी म्हटलं, “एका मुलीने विचारलंय.”

तिसऱ्याने शून्य ओलांडलं ०.३० ला. दोनदा केलं, ०.३० आणि ०.३०. पुष्कळशी साखर परत गेली होती, काही पुन्हा स्टार्च झाली असेल, काही श्वासात जळली असेल. पण सगळी गेली नव्हती. न उघडता, नुसत्या वजनावरून, त्या बटाट्याच्या आतलं इतकं सगळं मला कळत होतं, आणि या वयातही मी कागदावरच्या त्या रेघेकडे थक्क होऊन बघत बसलो होतो.

कॉलेजच्या सध्याच्या विभागप्रमुखांना मी पत्र दिलं आहे. प्रयोग कोणाचा, सरासरी कोणाची, हे दोन्ही त्यात नावासकट आहे. इथे तिचं नाव लिहिलेलं नाही, कारण तिला विचारलेलं नाही. जोडीदारीण भेटली. तिचा नातू आता शाळेत जातो. तिच्याकडे त्या मुलीचा नंबर आहे. तिने माझ्यासमोर फोन काढून म्हटलं, “सांगा सर, काय लिवू?” 

मी म्हटलं, “लिही, साखर परत जाते, पण सगळी नाही. ०.३०. आणि लिही, सरासरी मी घ्यायला लावली होती.”

तिने लिहिता लिहिता मान वर केली. “ते तिला ठाऊक हाय, सर,” ती म्हणाली. “बटाट्याचं काय, ते परत सांगा.”